१४८ की १४६? गरोदरपणातली शुगर आणि आमच्या घरातला घोळ

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. पण घरात, शेजारी, नात्यात कोणी गरोदर असेल तर पूर्ण वाचा. मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. माझी मुलगी आता आठ महिन्यांची झालीय. तिच्या वेळचं हे सगळं लिहीन लिहीन म्हणत राहिलं होतं. परवा आमच्या शाळेतल्या पोषण आहाराच्या ताईंची सून म्हणाली, "मॅडम, माझी शुगर तिसऱ्या महिन्यातच झालीय, नॉर्मल आली, आता परत कशाला?" तेव्हा ठरवलं, आज लिहायचंच.

कारण मीही अगदी हेच म्हणाले होते.

माझी पहिली तपासणी अकराव्या आठवड्यात आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाच-दहा मिनिटांत प्यायला दिलं आणि बरोबर दोन तासांनी बोटातून रक्त घेतलं. आकडा आला ११२. १४० च्या खाली म्हणजे ठीक. कार्डावर लिहिलं गेलं, विषय संपला, असं मला वाटलं. सव्वीसाव्या आठवड्यात, महिन्याच्या ९ तारखेला, आशाताई दारात आल्या, "ताई, ग्लुकोजची तपासणी परत करायचीय." मी म्हटलं, झालीय की एकदा. त्या हटल्या नाहीत. "दोनदा असती. चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत दुसरी. चला." नाइलाज म्हणून गेले.

आकडा आला १४८.

दुसऱ्यांदा का करायची, हे मला नंतर कळलं. वार (प्लासेंटा) जसजशी मोठी होते तसतशी तिच्यातून येणारी हार्मोन्स आईच्या इन्सुलिनला दाद देईनाशी करतात. हा जोर साधारण विसाव्या आठवड्यानंतर वाढत जातो. बहुतेक बायकांचं शरीर जास्त इन्सुलिन बनवून भागवतं. ज्यांना ते जमत नाही त्यांची शुगर चढते. म्हणजे तिसऱ्या महिन्यातली नॉर्मल शुगर एवढंच सांगते, की आधीपासून मधुमेह नव्हता. सहाव्या महिन्याचं ती काहीच सांगत नाही.

आता घोळ इथून सुरू झाला. घरी रडारड. माझ्या आईला मधुमेह आहे, त्यामुळे मी आधीच घाबरलेली. सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठं होतं असलं काय? सरकारी मशीनवर काय विश्वास ठेवायचा? चांगल्या लॅबमधनं करून घ्या." यांनाही पटलं. दोन-तीन दिवसांनी तालुक्याच्या एका खाजगी कलेक्शन सेंटरवर गेलो. तिथं पद्धत वेगळी. रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी उपाशीपोटी रक्त, मग तेच ७५ ग्रॅम ग्लुकोज, मग एका तासानं आणि दोन तासांनी रक्त. रिपोर्ट आला : उपाशी ८८, एका तासानं १७१, दोन तासांनी १४६. शेजारी मर्यादा छापलेल्या : ९२, १८०, १५३. तिन्ही आकडे मर्यादेच्या आत. खाली लिहिलं होतं, नॉर्मल.

घरात पेढे यायचेच बाकी होते. मी मात्र रिपोर्ट हातात घेऊन बसले. केंद्रात दोन तासांनी १४८, म्हणून मला मधुमेह. लॅबमध्ये दोन तासांनी १४६, म्हणून मी नॉर्मल. दोन आकड्यांत फरक दोनचा. मग खरं काय?

हे दोन्ही कागद घेऊन मी एका फिजिशियन मॅडमकडे गेले. त्यांनी जे समजावलं ते मला कोणी आधी सांगायला हवं होतं, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या म्हणाल्या, "तुम्ही दोन वेगळ्या फुटपट्ट्यांनी मोजलंय." सरकारी पद्धत चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी पुढे आणलेली. खेड्यातली बाई दहा-पंधरा किलोमीटरवरून उपाशी येणार नाही, आली तर परत येणार नाही, म्हणून जेवलेली असो वा नसो, ग्लुकोज द्यायचं आणि दोन तासांनी एकच आकडा बघायचा. १४० किंवा जास्त म्हणजे गरोदरपणातला मधुमेह. लॅबवाली पद्धत आंतरराष्ट्रीय. तिच्यात तीनपैकी एक जरी आकडा मर्यादेला पोचला तरी निदान होतं.

मी विचारलं, पण ९२, १८०, १५३ हे आकडे तरी आले कुठून? त्याच्या पलीकडे आजार आणि अलीकडे आरोग्य, असं काही आहे का?

तर तसं नाही. २००८ साली एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. नऊ देशांतल्या सुमारे पंचवीस हजार गरोदर बायकांची शुगर मोजून त्यांची बाळंतपणं पाहिली होती. बाळ फार मोठं होणं, बाळाच्या अंगात इन्सुलिन जास्त असणं, सिझेरियन लागणं, हे सगळं आईच्या शुगरबरोबर हळूहळू वाढत जाताना दिसलं. मध्येच कुठं पायरी नव्हती, सगळा चढच. मग तज्ज्ञांनी बसून रेघ ठरवली : सरासरी शुगर असलेल्या बाईच्या तुलनेत बाळाचा धोका जिथं साधारण पावणेदोन पट होतो, ते आकडे घ्यायचे. ते आले ९२, १८०, १५३. दुप्पट धोक्याला रेघ मारली असती तर आकडे ९५, १९१, १६२ झाले असते, आणि कॅनडात हे वरचे आकडे वापरतातसुद्धा. म्हणजे तीच बाई, तेच रक्त, देश बदलला की निदान बदलू शकतं.

"मग माझं काय समजायचं?" मी विचारलं.

मॅडमनी उलट प्रश्न केला, "लॅबची ट्यूब तपासली कुठं?" कलेक्शन सेंटर तालुक्याला, मशीन जिल्ह्याला. सकाळी साडेअकराला घेतलेलं रक्त दुपारी गाडीतून गेलं होतं. त्यांनी सांगितलं, की रक्त बाहेर काढलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. तासाला साधारण पाच ते सात टक्के शुगर अशीच कमी होते. करड्या टोपणाच्या ट्यूबमध्ये ते थांबवणारं औषध असतं, पण त्याचाही असर व्हायला तास-दोन तास लागतात. १५५ चे सहा टक्के म्हणजे नऊ. १५५ चा १४६ व्हायला एवढं पुरतं. दुसरीकडे ग्लुकोमीटरसुद्धा खऱ्या आकड्यापासून पंधरा टक्क्यांपर्यंत इकडे-तिकडे असू शकतो. म्हणून सासूबाईंचा मशीनवरचा अविश्वास अगदीच चुकीचा नव्हता, पण मोठ्या लॅबचा कागद म्हणजे देववाणी हेही खरं नव्हतं. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, लॅबला दोनच गोष्टी विचारा : रक्त इथंच तपासता का, आणि नसेल तर किती वेळात वेगळं करता. ग्लुकोज प्यायच्या आधी घड्याळही बघून ठेवा, कारण दोन तास पिण्याच्या वेळेपासून मोजायचे असतात. प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर ती तपासणी धरत नाहीत, दुसऱ्या दिवशी परत करावी लागते.

मॅडमचा निर्णय साधा होता. "तुम्ही रेघेवर उभ्या आहात. आईला मधुमेह आहे, वय एकतीस आहे. नाव काय द्यायचं यावर भांडण्यापेक्षा दोन आठवडे रोज मोजू. उपाशी ९५ च्या खाली आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या खाली राहिलं तर फक्त आहार. नाही राहिलं तर इन्सुलिन. हे तुमच्या मर्जीवर नाही, माझ्याही नाही. आकडे सांगतील."

तेच दोन आठवडे मला सगळ्यात जास्त शिकवून गेले.

पहिल्या दिवशी नेहमीसारखे एक प्लेट पोहे आणि साखरेचा चहा घेतला. दोन तासांनी १४१. दुसऱ्या दिवशी मुगाचं धिरडं, दही आणि बिनसाखरेचा चहा. ११३. मला वाटायचं गोड म्हणजे शुगर. पोह्यांत कुठं गोड आहे? पण सकाळच्या वेळी शरीर इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देतं, आणि पोहे, इडली, पाव, साबुदाणा यांची साखर भराभर रक्तात येते. दुपारी एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ, भाजी, ताक आणि थोडा भात, ११० ते ११८. रात्री भात बंद न करता अर्धी वाटी. जेवणं तीनच्या ऐवजी तीन लहान आणि मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं. जेवण झालं की वीस मिनिटं अंगणातच फेऱ्या. फळ जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळी, आणि चिकू-केळ्याच्या ऐवजी पेरू. डिंकाचे लाडू डब्यातच राहिले. सासूबाई पहिल्या आठवड्यात नाराज होत्या, "दोन जिवांची आहेस, उपाशी मारतेस बाळाला." त्यांना मी वहीतले आकडे दाखवले. दुसऱ्या आठवड्यात त्याच विचारायला लागल्या, "आज किती आली गं?"

जेवणानंतरचे आकडे असे जागेवर आले. पण सकाळची उपाशी शुगर मात्र ९७, ९९, ९६, १०१. रोज.

मला वाटलं मी रात्री जास्त खातेय. मग मी शहाणपणा केला. सलग दोन रात्री जेवण सोडलं, नुसतं ताक पिऊन झोपले. सकाळी शुगर ९९ आणि १००. डोकं दुखायला लागलं, मळमळ. मॅडमकडे गेले तर लघवीच्या तपासणीत कीटोन निघाले. त्या पहिल्यांदाच चिडल्या. "रात्रीची शुगर तुमच्या ताटातून येत नाही, ताई. ती तुमचं लिव्हर बनवतं. झोपेत शरीराला लागणारी साखर लिव्हर सोडत असतं आणि त्याला आवर घालायचं काम इन्सुलिनचं. तुमचं इन्सुलिन रात्री कमी पडतंय. जेवण सोडून ते भरून निघणार नाही. उलट शरीर चरबी जाळायला लागतं आणि कीटोन तयार होतात, ते बाळाला बरे नाहीत."

ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. जेवणानंतरची शुगर बऱ्याच अंशी आपल्या हातात असते. उपाशी शुगर फार थोडी असते. झोपताना कपभर दूध आणि मूठभर फुटाणे घेऊन पाहिलं, त्यानं दोन-तीनचा फरक पडला, ९५ च्या खाली येईना. आणि लक्षात घ्या, सरकारी पद्धतीत पुढचा सगळा भर जेवणानंतरच्या शुगरवर असतो. माझी तेवढीच बघितली असती तर मला शाबासकी मिळाली असती. त्या दोन तासांच्या तपासणीतून ज्यांची फक्त उपाशी शुगर वाढलेली असते अशा बायका निसटू शकतात. त्यामुळे ती पद्धत टाकाऊ ठरत नाही. ती नसती तर मी कुठल्याच तपासणीत आले नसते. पण एकदा निदान झालं की उपाशी शुगरही मागून घ्या.

तिसाव्या आठवड्यात इन्सुलिन ठरलं. मी तिथंच रडले. माझ्या मनात इन्सुलिन म्हणजे शेवट. माझ्या मामांना ते पाय काळा पडल्यावर सुरू झालं होतं. यांनी विचारलं, "गोळी नाही का चालत?" मॅडम म्हणाल्या, चालते. मेटफॉर्मिन गरोदरपणात देतात, सरकारी मार्गदर्शक सूचनांतही आहे. पण ती वारेतून बाळापर्यंत जाते, इन्सुलिन जात नाही. शिवाय एका मोठ्या चाचणीत गोळी घेतलेल्या जवळपास निम्म्या बायकांना पुढे इन्सुलिन जोडावंच लागलं होतं. ज्यांना सुई शक्य नाही, फ्रीज नाही, त्यांना त्या गोळी देतात. माझ्याकडे दोन्हीची सोय होती. मी सुई घेतली.

मग त्यांनी इन्सुलिन कशासाठी ते एका वाक्यात सांगितलं. आईची साखर बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं आणि त्यानं अंगावर चरबी चढते, विशेषतः खांद्यांवर. बाळंतपणात खांदा अडकायची भीती असते. आणि नाळ कापली की आईकडून येणारी साखर बंद, पण बाळाचं इन्सुलिन मात्र चालूच. मग बाळाची शुगर एकदम उतरते. मी सुई घ्यायची ती हे टाळायला.

रात्री झोपताना ४ युनिट, मांडीत. सुई इतकी बारीक, की रोजच्या बोटात टोचण्यापेक्षा कमी दुखायची. तीन दिवस सकाळची शुगर बघायची, ९५ च्या वर असेल तर दोन युनिट वाढवायचे, तेही मॅडमना फोन करून. ८ युनिटवर ९१ आली. चौतिसाव्या आठवड्यात परत ९८, मग हळूहळू १२ युनिट. डोस वाढला की मला वाटायचं आपला आजार वाढला. खरं तर वार वाढत होती, म्हणून गरज वाढत होती. उलट शेवटच्या आठवड्यांत गरज अचानक खूप कमी झाली तर लगेच कळवायचं, असं त्यांनी बजावलं होतं, कारण ते वार नीट काम करत नसल्याचं लक्षण असू शकतं. बाटली फ्रीजच्या दारात, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. उशाशी ग्लुकोजचा डबा. एकदा पहाटे घाम आणि थरथर झाली, शुगर ६४. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात घालून घेतलं, पंधरा मिनिटांनी ८२. आदल्या संध्याकाळी झोपतानाचं दूध विसरले होते.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात मुलगी झाली, ३ किलो १०० ग्रॅम. पहिल्या दिवशी दर काही तासांनी तिच्या टाचेतून थेंबभर रक्त घेत होते, ते बघवत नव्हतं, पण शुगर एकदाही उतरली नाही. तासाभरात अंगावर घेतलं, तेही त्यासाठीच. माझं इन्सुलिन त्याच रात्री बंद झालं. ज्या सुईला मी आयुष्यभराची शिक्षा समजले होते ती नऊ आठवडे चालली.

सहा आठवड्यांनी परत ग्लुकोज पिऊन तपासणी केली. उपाशी ९६, दोन तासांनी १३२. नॉर्मल. ही तपासणी बहुतेक बायकांची राहूनच जाते. बाळ लहान, माहेरी गेलेली, कोण जातं? पण ज्यांना गरोदरपणात शुगर झाली त्यांना पुढे मधुमेह होण्याचा धोका बराच जास्त असतो. मी दरवर्षी मुलीच्या वाढदिवसाच्या आठवड्यात तपासायचं ठरवलंय, म्हणजे विसरणार नाही.

आता गावकऱ्यांसाठी, विशेषतः रुग्ण कल्याण समितीवर असलेल्यांसाठी. आमच्या भागातल्या एका केंद्रावर गेल्या महिन्यात ग्लुकोजची पाकिटं होती, पण ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपलेल्या. ९ तारखेला आलेल्या बायकांना "पुढच्या महिन्यात या" सांगितलं. सव्वीसाव्या आठवड्यातली बाई पुढच्या महिन्यात तिसाव्या आठवड्यात असते. मी इन्सुलिन सुरू केलं तो आठवडा. तिची शुगर चढलेली असेल तर आहाराचे दोन आठवडे आणि डोस बसवायचे दोन-तीन आठवडे धरून हातात काय उरतं, तुम्हीच मोजा. समितीच्या पुढच्या बैठकीत पट्ट्यांचा विषय मी लेखी देणार आहे. सह्या हव्या आहेत. शनिवारी शाळा सुटल्यावर मी शाळेतच थांबते, या.

आणि त्या सुनेचं काय झालं? काल गेली होती, मीच बरोबर गेले. १३१ आली. आहार काय घ्यायचा ते तरी विचारून घेतलं आम्ही.